सोळा तासांचा उपास आणि कोलेस्टेरॉलची गोळी

ॲन आर्बरच्या उत्तरेकडे प्लिमथ रोडवर मिशिगन विद्यापीठाच्या इमारतींचा एक मोठा समूह आहे. माझ्या मुलीच्या घरून बसने बाजाराला जाताना तो वाटेत लागतो. आज तिथे विद्यापीठाचे संशोधन चालते, पण २००९ पर्यंत ती जागा औषधकंपनीची होती. आधी पार्क-डेव्हिस, मग फायझर. १९८५ साली याच गावात पार्क-डेव्हिसच्या प्रयोगशाळेत ब्रूस रॉथ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एक रेणू तयार केला. त्याचे नाव ॲटॉरव्हास्टॅटिन. वाचकांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या औषधांच्या डब्यात ही गोळी असेल. कुणी ती ठाण्यात दुकानातून आणत असेल, तर कुणाला लोद किंवा अश्दोदला कुपत होलीममधून मिळत असेल. १९९६ च्या अखेरीस अमेरिकेत तिला मान्यता मिळाली, आणि नंतर कितीतरी वर्षे जगात सर्वांत जास्त खपणारे औषध म्हणजे हेच.

हे सांगण्याचे कारण असे की ज्या गावात ही गोळी जन्मली, त्याच गावात आपल्या वयाची मंडळी आता ती सोडून देऊ लागली आहेत. ‘सोळा-आठ’ करतो, मग गोळी कशाला, असे म्हणतात. सोळा-आठ म्हणजे दिवसाचे सोळा तास पाण्याशिवाय किंवा कोऱ्या चहाशिवाय काही घ्यायचे नाही आणि उरलेल्या आठ तासांत जेवून घ्यायचे. माझ्याकडे मुंबईहून आणि इस्राएलहून फोन येतात, त्यांतही हाच प्रश्न असतो. म्हणून या वेळी माझे मत स्पष्ट लिहिते. वेळेच्या बंधनात जेवण्याला माझा विरोध नाही. काहींना त्याचा उपयोग होतो. पण एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते उतरवण्याचे साधन म्हणून त्याच्याकडे पाहू नये. आजवरच्या चाचण्या वाचल्यावर मला दुसरे काही म्हणता येत नाही.

आधी रक्तात काय चालते ते पाहू. तेवढे समजले की बाकीचे सोपे जाते.

आपण जेवतो तेव्हा साखर आणि चरबी रक्तात येते. लागेल तेवढी वापरली जाते, उरलेली साठते. थोडी साखर यकृतात साठते आणि बहुतेक सगळी चरबी कातडीखाली व पोटात. शेवटच्या घासानंतर दहा-बारा तास उलटले की यकृतातला साखरेचा साठा उतरू लागतो. मग शरीर चरबीच्या कोठाराचे दार उघडते. चरबी विरघळून रक्तात येते आणि तिच्यावर शरीर चालते. उपासाची बाजू घेणारे लोक इथपर्यंत बरोबर सांगतात. पुढचे मात्र सांगत नाहीत. कोठारातून निघालेली सगळी चरबी जळत नाही. काही भाग यकृताकडे जातो, यकृत तिची पुन्हा पुडकी बांधते आणि ती पुडकी रक्तात सोडते. तपासणीत ‘ट्रायग्लिसराइड’ म्हणून जे मोजतात, त्यात ही पुडकी असतात.

एलडीएलची गोष्ट वेगळी आहे. एलडीएलचे कण रक्तातून उचलून नेण्याचे काम यकृताच्या पेशींवरचे काही ‘हात’ करतात. शास्त्रीय भाषेत त्यांना ग्राहक म्हणतात, मी हातच म्हणते. हात जास्त असतील तर एलडीएल लवकर उचलले जाते आणि रक्तातला आकडा खाली येतो. तूप, लोणी, मटणाची चरबी, नारळ यांतली जड चरबी हे हात कमी करते. ॲटॉरव्हास्टॅटिन यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती अडवते, म्हणून यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडते आणि ते रक्तातून ओढून घेण्यासाठी जास्त हात काढते. गोळीचे सगळे बळ इथे आहे. दहा मिलिग्रॅमची रोजची गोळी एलडीएल सरासरी ३९ टक्के उतरवते, ऐंशी मिलिग्रॅमची ६० टक्के. जेवणाचे तास आवळल्याने हे हात तसे वाढत नाहीत. तेव्हा चाचण्यांत एलडीएल फारसे हलले नाही, याचे मला आश्चर्य वाटले नाही.

आता चाचण्या. खूप झाल्या आहेत, मी मोजक्याच घेते.

पहिली इथून मोटारीने चार तासांवर असलेल्या शिकागोची, इलिनॉय विद्यापीठातली, २०१७ साली छापून आलेली. शंभर लठ्ठ माणसे होती आणि अवधी एक वर्षाचा. त्यांचे तीन गट केले. एका गटाने एक दिवस गरजेच्या चौथ्या हिश्शाएवढे खायचे, दुसऱ्या दिवशी गरजेपेक्षा थोडे जास्त, असे आलटून पालटून. दुसऱ्या गटाने रोजच थोडे कमी खायचे. तिसऱ्याने नेहमीसारखे. वर्षाअखेरीस पहिल्या दोन गटांचे वजन जवळजवळ सारखेच उतरले, पाच-सहा टक्के. एचडीएल, म्हणजे चांगले म्हणतात ते कोलेस्टेरॉल, सहाव्या महिन्यात उपासवाल्यांत सहा अंकांनी वर दिसले, पण बाराव्या महिन्यात तो फरक राहिला नाही. आणि एलडीएल? वर्षअखेरीस उपासवाल्या गटाचे एलडीएल रोज कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत साडेअकरा अंकांनी जास्त निघाले. कमी नव्हे, जास्त. शिवाय उपासवाल्यांपैकी ३८ टक्के लोकांनी मधेच सोडून दिले, रोज कमी खाणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांनी. एका चाचणीवरून उपासाने एलडीएल वाढतेच असे मी म्हणणार नाही. पण उतरते असे तर या चाचणीवरून मुळीच म्हणता येत नाही.

दुसरी चीनमधल्या ग्वांगझू शहरातली, २०२२ सालची. १३९ माणसे, एक वर्ष. सगळ्यांनाच कमी खायला सांगितले. बायकांना दिवसाला १२०० ते १५०० कॅलरी, पुरुषांना १५०० ते १८००. फरक एवढाच की निम्म्यांनी सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळात जेवायचे, बाकीच्यांनी केव्हाही. ही मांडणी मला फार आवडली, कारण प्रश्न नेमका विचारला आहे. खाणे तेवढेच असेल, तर घड्याळाचा वेगळा फायदा किती? वर्षाने घड्याळवाल्यांचे वजन आठ किलो उतरले, दुसऱ्यांचे सहा किलो तीनशे ग्रॅम. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतकाच होता. रक्तातल्या चरबीच्या आकड्यांतही दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे जे काम झाले ते कमी खाण्याने झाले. दुपारी चारनंतर ताट बाजूला ठेवण्याने वेगळे काही मिळाले नाही.

मग वर्तमानपत्रांत ‘उपासाने कोलेस्टेरॉल उतरले’ असे छापून कसे येते? कॅलिफोर्नियातली एक चाचणी मला वाचकांनी दोनदा पाठवली आहे. एकोणीस माणसे, दहा तासांत जेवण, बारा आठवडे. एलडीएल सरासरी अकरा टक्क्यांनी उतरले, हे खरे आहे. पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. त्यातल्या बहुतेकांच्या चालू औषधांत स्टॅटिन किंवा रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, आणि वजनही तीन किलोंच्या वर उतरले होते. कुणी आपल्याला तीन महिने नियमाने भेटून विचारपूस करणार असेल, तर आपण गोळ्याही वेळेवर घेतो आणि फरसाणही जपून खातो. दुसरा गट असता तर त्यात हे किती झाले असते ते कळले असते.

उलट बाजूची बातमीही अशीच. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत एका परिषदेत सांगितले गेले की आठ तासांत जेवणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू ९१ टक्के जास्त आढळले. फोनवर फोन आले. ती चाचणी नव्हती, निरीक्षण होते. हजारो लोकांना दोन दिवसांचे खाणे विचारून वर्षांनंतर कोण राहिले कोण गेले ते पाहिले होते. आठच तासांत जेवणारा माणूस उपास करत होता, की आजारी होता, एकटा होता, की दोन वेळचे धड मिळत नव्हते, हे त्यातून सांगता येत नाही. या बातमीने घाबरू नये आणि मागच्या बातमीने हुरळूही नये.

ट्रायग्लिसराइडचे काय? इथे उपासवाल्यांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. वजन पाच ते दहा टक्के उतरले की ट्रायग्लिसराइड साधारण वीस टक्के उतरते, कारण यकृतातली चरबी कमी होते आणि पुडकी कमी बांधली जातात. ऐंशी किलोच्या माणसाचे पाच-सहा किलो गेले आणि त्याचे ट्रायग्लिसराइड २२० असेल, तर ते १७५-१८० च्या आसपास यावे. वजन उपासाने उतरले की रोज दोन घास कमी खाऊन, याने फारसा फरक पडत नाही. ज्याला रात्री नऊनंतर दूरचित्रवाणीसमोर चिवडा, बिस्किटे, किंवा एखादा पेला घ्यायची सवय आहे, त्याला घड्याळाचा नियम फार उपयोगी पडतो, कारण नेमके ते खाणे बंद होते. दारूने आणि साखरेने ट्रायग्लिसराइड झपाट्याने चढते, हेही इथे लक्षात घ्यावे.

पण ट्रायग्लिसराइडमध्ये एक खाच आहे, आणि ती अलाबामातल्या एका छोट्या चाचणीने फार छान दाखवून दिली. २०१८ साली आठ पुरुषांवर, ज्यांना मधुमेह उंबरठ्यावर होता, पाच आठवडे प्रयोग केला. जेवण सहा तासांत, शेवटचा घास दुपारी तीनच्या आत. अन्न तिथूनच द्यायचे आणि वजन उतरू द्यायचे नाही, म्हणजे जो परिणाम दिसेल तो वेळेचाच. त्यांचा रक्तदाब उतरला, इन्सुलिनचे काम सुधारले. हे चांगले झाले. ट्रायग्लिसराइड मात्र ५७ अंकांनी वाढलेले दिसले. कारण साधे आहे. सकाळी रक्त काढले तेव्हा या लोकांच्या पोटात अठरा तास अन्न नव्हते, आणि नेहमीच्या दिनक्रमात ते बारा तास असते. मघाशी सांगितलेली कोठारातून निघालेली चरबी आणि यकृताची पुडकी आठवा. उपास लांबला की तीच बाटलीत येतात.

ही खाच आपल्या घरात कशी दिसते ते आमच्या विहीणबाईंच्या उदाहरणाने सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, फक्त नाव छापू नका म्हणाल्या. वय ७२, मुक्काम इथेच ॲन आर्बरला मुलाकडे, मधुमेह नाही, रक्तदाब आहे. गेली काही वर्षे ॲटॉरव्हास्टॅटिन दहा मिलिग्रॅम घेत होत्या. गोळीवर असताना त्यांची तपासणी अशी होती: एकूण कोलेस्टेरॉल १६८, एचडीएल ४६, ट्रायग्लिसराइड १६०.

यातून एलडीएल कसे काढतात ते एकदा बघून ठेवा, कारण पुष्कळ ठिकाणी ते थेट मोजत नाहीत, वजाबाकीने काढतात. ट्रायग्लिसराइडला पाचाने भागायचे. १६० चे ३२ होतात. मग एकूणातून एचडीएल आणि हे ३२ वजा करायचे. १६८ उणे ४६ उणे ३२, म्हणजे ९०. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की ही वजाबाकी चालत नाही, मग एलडीएल थेट मोजावे लागते.

हिवाळ्यात त्यांनी सोळा-आठ सुरू केले. दुपारी बारा ते रात्री आठ जेवण. आणि ‘रिकाम्या पोटी गोळी कशी घेऊ’ म्हणून सकाळची गोळी आधी पुढे ढकलली, मग विसरली, मग सोडली. तीन महिन्यांनी वजन दोन किलो उतरले होते. तपासणीला वेळ मिळाली दुपारी दीडची. आदल्या संध्याकाळी सातला जेवल्या होत्या, आणि तपासणी उपाशीपोटी द्यायची म्हणून तोवर पाण्यावर राहिल्या. म्हणजे साडेअठरा तास. अहवाल आला: एकूण २२६, एचडीएल ४८, ट्रायग्लिसराइड १९५.

मला कागद दाखवत म्हणाल्या, “बघा हो, चांगलं कोलेस्टेरॉल वाढलं. पण हे ट्रायग्लिसराइड कसं वाढलं? मी तर गोडाला हात लावलेला नाही.”

म्हटले, “विहीणबाई, आधी वजाबाकी करू.” १९५ चा पाचवा हिस्सा ३९. २२६ उणे ४८ उणे ३९, एलडीएल १३९. नव्वदाचे एकशे एकोणचाळीस झाले होते, आणि त्यांचे लक्ष त्या आकड्याकडे गेलेच नव्हते, कारण अहवालात तो सर्वांत खाली होता.

दोन किलो वजन उतरूनही असे का झाले? एलडीएलचे उत्तर गोळीत आहे. ती बंद झाली, यकृताचे जादा हात गेले, एलडीएल गोळीआधीच्या जागी परत आले. ट्रायग्लिसराइडचे उत्तर दोन ठिकाणी आहे. ही गोळी ट्रायग्लिसराइडही थोडे उतरवते, ते उतरणे बंद झाले, आणि वर साडेअठरा तासांचा उपास. शिवाय ट्रायग्लिसराइड एकाच माणसात आठवड्या-आठवड्याला वीस-तीस टक्के खालीवर होते, तेव्हा एका आकड्यावरून फार अर्थ काढू नये. एचडीएल ४६ चे ४८ झाले, हे तर तपासणीतल्या नेहमीच्या चढउतारात मोडते.

त्यांच्या डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. सोळा-आठ बंद करायला सांगितले नाही, तेही बरोबरच. सहा आठवड्यांनी सकाळी नऊला, रात्री आठच्या जेवणानंतर तेरा तासांनी, रक्त दिले. एकूण १६४, एचडीएल ४७, ट्रायग्लिसराइड १३५, एलडीएल पुन्हा ९०. वजन तेवढेच होते, जेवणाच्या वेळाही त्याच. आता ट्रायग्लिसराइड १६० च्या ठिकाणी १३५ आहे, त्यात दोन किलोंचा वाटा असेलही. एलडीएलच्या ४९ अंकांत मात्र उपासाचा वाटा मला दिसत नाही.

त्या रिकाम्या पोटाच्या शंकेबद्दल. ॲटॉरव्हास्टॅटिन जेवणाआधी, जेवणानंतर, सकाळी, रात्री, केव्हाही घेता येते. ती शरीरात बराच वेळ टिकते. पाण्याच्या घोटाबरोबर घेतली तर कुणाचा सोळा-आठ मोडत नाही. सिमव्हास्टॅटिन नावाची जुनी गोळी घेत असाल तर ती रात्री घ्यायची असते, एवढा फरक.

एचडीएलबद्दल थोडे जास्त लिहायला हवे, कारण उपासाच्या प्रचारात एचडीएल वाढल्याचा गाजावाजा फार असतो. एचडीएल वाढवले की हृदयाचे रक्षण होते असे पूर्वी आम्ही डॉक्टरही मानत असू. ज्या फायझर कंपनीकडे ही प्लिमथ रोडची जागा होती, तिनेच एचडीएल वाढवणारे टॉर्सेट्रापिब नावाचे औषध तयार केले आणि ते ॲटॉरव्हास्टॅटिनच्या जोडीला देऊन मोठी चाचणी घेतली. एचडीएल ७२ टक्के वाढले. एलडीएलही आणखी २५ टक्के उतरले. कागदावर याहून सुंदर अहवाल असू शकत नाही. आणि तरी ते औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले, म्हणून डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. पुढच्याच महिन्यात फायझरने ॲन आर्बरचे केंद्र बंद करण्याची घोषणा केली. त्या औषधाचे स्वतःचे काही दोष होते, रक्तदाब वाढवणे हा त्यातला एक. पण तेव्हापासून एचडीएलचा आकडा वर ढकलण्याला उपचार म्हणणे बहुतेकांनी सोडले. सोळा-आठने एचडीएल तीन अंकांनी वाढले म्हणून कुणी पेढे वाटत असेल तर वाटू दे. मी त्या रकान्यावरून नजर फिरवून एलडीएलवर येते. एलडीएल ३९ अंकांनी उतरले तर हृदयविकाराचे व पक्षाघाताचे झटके साधारण पाचांत एकाने कमी होतात, हे स्टॅटिनच्या अनेक मोठ्या चाचण्या एकत्र करून दिसले आहे. असा पुरावा उपासाच्या बाजूने नाही.

आता आपल्या स्वयंपाकघराचा विषय. आपल्याकडे मटणाबरोबर दूध-दही चालत नाही, म्हणून रस्सा नारळाच्या दुधात. सणाला चीकचा हलवा, तोही नारळाच्या दुधात. सांदणात नारळ, मलिद्यात नारळ. मला स्वतःला हे सगळे अतिशय प्रिय आहे. पण नारळाच्या चरबीचा फार मोठा भाग जड चरबीचा असतो आणि तो यकृताचे हात कमी करतो, मग रस्सा दुपारी एकला खाल्ला काय आणि रात्री नऊला काय. सोळा-आठ करणाऱ्या काहींची समजूत असते की आठ तासांच्या खिडकीत काहीही चालते. चाचण्यांत एलडीएल जागचे हलत नाही, याचे एक कारण मला हेही वाटते. रोजच्या रश्शात पहिले दाट दूध न घालता दुसरे पातळ दूध घातले आणि दाट दूध सणाला राखले, तर त्याचा परिणाम तीन महिन्यांत एलडीएलवर दिसू शकतो. हवे तर करून पाहा, तपासणीच्या आधी आणि नंतर.

माझी काळजी दुसऱ्या एका गोष्टीची आहे, ती आपल्या वयाची. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०२० साली ११६ लोकांवर बारा आठवडे सोळा-आठची चाचणी झाली. दुपारी बारा ते रात्री आठ, विहीणबाईंसारखेच. वजन एक किलोसुद्धा उतरले नाही, आणि तिन्ही वेळ जेवणाऱ्या गटाच्या वजनापेक्षा ते फारसे वेगळे नव्हते. पण ज्यांची शरीररचना यंत्रावर मोजली, त्यांत उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांशाच्या जवळपास भाग चरबीचा नव्हता, तो स्नायू वगैरेंचा होता. आणि हे लोक १८ ते ६४ वयाचे! सत्तरीनंतर स्नायू गेले की परत मिळवायला फार कष्ट पडतात. खुर्चीतून हात न टेकता उठता येत नाही, मग न्हाणीघरात पाय घसरतो, मग खुब्याचे हाड. ज्यांचे वजन आधीच कमी आहे त्यांनी सोळा तास उपाशी राहण्याचे काहीही कारण नाही. ज्यांना वजन उतरवायचे आहे त्यांनी दोन जेवणांत अंडी, मासे, डाळ, कोंबडी पुरेशी आहे ना ते पाहावे. सकाळचे जेवण गेले की बहुधा हेच कमी पडते.

मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण लांबले की साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधार, आणि म्हाताऱ्या माणसात कधी कधी नुसतेच असंबद्ध बोलणे. घरच्यांना वाटते विसरायला लागले. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्यांवर लांब उपास केला तर साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साठू शकते. मळमळ, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसली की थेट रुग्णालयात जावे. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी असेल तर पाणी कमी पडून उठताना चक्कर येते. किप्पूरच्या रोज्याच्या आधी हेच सगळे विचारून घ्यावे लागते. तो वर्षातून एकदा असतो, आणि सोळा-आठ रोज.

माझ्यापुरते म्हणाल तर मी रात्री साडेसातला जेवते आणि सकाळी साडेसातनंतर चहाबरोबर काहीतरी खाते. बारा तास होतात, झोपही बरी लागते. याला मी कोलेस्टेरॉलचा उपचार म्हणत नाही.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा शेवटचे जेवण किती वाजता झाले ते कागदावर लिहून न्या आणि रक्त काढणाऱ्याला अहवालावर नोंदवायला सांगा. नऊ ते बारा तासांचे अंतर ठेवा, दर वेळी साधारण तेवढेच. नुसते एलडीएल पाहायचे असेल तर उपाशी नसलात तरी चालते, ट्रायग्लिसराइड वाढलेले असेल तरच उपाशीपोटी पुन्हा द्यावे लागते. किप्पूरच्या किंवा बिरड्याच्या रोज्यानंतर लगेच तपासणी करू नका, आठवडाभर जाऊ द्या. आणि गोळी बंद केली असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. पंचाहत्तरीनंतर, कधीच झटका आलेला नसताना, ती चालू ठेवायची की नाही हा खरोखरच विचारण्यासारखा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे येते. ते विचारायला जाताना मागचे दोन-तीन अहवाल बरोबर असू द्या, तारखांसकट.